आधी उत्तर, मग नमस्कार

चॅटच्या छोट्या खिडकीत कुणी प्रश्न विचारला, तर उत्तर पहिल्या वाक्यात द्यावं. आभार, दिलगिरी आणि शुभेच्छा मागाहून याव्यात. झालं. लेखाचं सार एवढंच आहे. ज्यांना गाडी पकडायची आहे त्यांनी इथूनच निघायला हरकत नाही. बाकीच्यांनी बसा, चहा मागवा, कारण हे एक वाक्य माणसांच्या गळी उतरवण्याचा मला पगार मिळतो आणि काम अजून संपलेलं नाही.

मी एका खासगी बस कंपनीत ग्राहकांना जाणारी उत्तरं तपासतो. प्रवासी आमच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर येतात, खाली उजव्या कोपऱ्यातलं गोल बटण दाबतात आणि उघडलेल्या खिडकीत प्रश्न टाइप करतात. पलीकडे आमची मुलंमुली एका वेळी चार-पाच जणांशी बोलत असतात. त्यांना वाटतं, प्रवासी आपल्या उत्तराची वाट बघत खिडकीकडे डोळे लावून बसलाय. प्रवासी असं काही करत नाही. तो प्रश्न विचारतो, खिडकी मिटतो, रिक्षावाल्याशी हुज्जत घालतो, बॅगा मोजतो, एक कमी भरली म्हणून पुन्हा मोजतो. उत्तर आलं की एक चिंचोळी पट्टी वर सरकते किंवा फोनच्या बंद पडद्यावर चार शब्द उजळतात. त्या पट्टीत उत्तराच्या पहिल्या दोन ओळी दिसतात, आणि पुढे तीन टिंबं. माणूस तेवढं वाचतो, त्यावरून काय ते ठरवतो आणि फोन खिशात टाकतो.

ही टिंबं कुठून येतात, हे मी एकदा आमच्या डेव्हलपर मुलाला विचारलं. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर होतं ते इतकंच:

```
.preview {
  display: -webkit-box;
  -webkit-box-orient: vertical;
  -webkit-line-clamp: 2;
  overflow: hidden;
}
```

यातल्या `2`चा अर्थ दोन ओळी. तिसऱ्या ओळीपासून पुढचं सगळं झाकायचं आणि दुसरीच्या शेवटी टिंबं लावायची. मजकूर कुठे जात नाही, आतमध्ये अख्खा शाबूत असतो. पट्टीवर बोट टेकवलं की दिसतो. "मग अडचण काय आहे, सर?" त्याने विचारलं. अडचण बोट टेकवण्यात आहे. एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात पोर आणि फोन खांदा-कानात धरलेला असा माणूस बोट आणणार कुठून?

आता प्रत्यक्ष घडलेला प्रकार बघा. एक गृहस्थ संध्याकाळी साडेआठला वाकडला, सामानासकट, हायवेच्या कडेला उभे. त्यांनी विचारलं, "रात्री साडेनऊची पुणे-नागपूर गाडी रद्द झाली का?" गाडी रद्द झाली नव्हती. नेहमीची गाडी गॅरेजला गेली होती, तिच्याऐवजी दुसरी सव्वादहाला खराडी बायपासहून सुटणार होती. आमच्याकडून पाच मिनिटांत उत्तर गेलं. उत्तरात सगळं होतं. चूक म्हणावी असा एक शब्द नव्हता. ते असं:

"नमस्कार! आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण विचारलेल्या प्रश्नाच्या अनुषंगाने कळवू इच्छितो की, तांत्रिक कारणास्तव रात्री ९.३० च्या गाडीऐवजी पर्यायी गाडी उपलब्ध करून देण्यात आली असून, सदर गाडी वाकडऐवजी खराडी बायपास येथून रात्री १०.१५ वाजता सुटेल. आपला प्रवास सुखाचा होवो!"

गृहस्थांच्या पट्टीत काय दिसलं? नमस्कार, आभार, गैरसोय आणि 'आम्ही दिलगीर' इतकं येऊन तीन टिंबं. मराठी माणूस दिलगिरीचा एकच अर्थ लावतो: गेलं काम. त्यांनी गाडी रद्द झाली असं धरलं, दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं आणि नागपूरला पोचल्यावर आमच्याकडे पैसे परत मागितले. आमची गाडी त्यांची जागा रिकामी घेऊन गेली. "आम्ही कळवलं होतं" हे आमचं म्हणणं आणि "मला कळलं नाही" हे त्यांचं म्हणणं, दोन्ही शंभर टक्के खरी होती.

हे उत्तर लिहिणाऱ्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या उत्तराचे आजोबा म्हणजे सरकारी पत्र. त्यात वर ठळक अक्षरांत 'विषय' असतो, म्हणजे मुद्दा पहिल्याच ओळीत आला असं आपल्याला वाटतं. पण तो विषय नेहमी 'आपल्या अर्जाबाबत' असतो. अर्जाबाबत काय? मंजूर की नामंजूर? ते कळायला 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि 'सविनय कळविण्यात येते की' असे दोन घाट उतरावे लागतात. घरगुती पत्रातही 'पत्रास कारण की' येईपर्यंत सगळ्यांची खुशाली, पाऊसपाणी आणि म्हशीची तब्येत होऊन जायची. पत्राला ते परवडत होतं, कारण पाकीट फोडलेला माणूस शेवटच्या सहीपर्यंत वाचत होता. तारेला परवडत नव्हतं. तिथे शब्दागणिक पैसे पडत, म्हणून पत्रात चार पानं खुशाली लिहिणारा माणूस तारेत तीन-चार शब्दांत मोकळा व्हायचा. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली आणि शब्द फुकट झाले. तेव्हापासून आभार मनःपूर्वकच असतात.

शब्द फुकट झाले असं वाटतं, पण पुरते झालेले नाहीत. तेच उत्तर आमच्याकडून एसएमएसनेही जातं आणि तिथे हिशेब कडक आहे. १९८५ साली जर्मनीत बॉन इथे फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाच्या अभियंत्याने टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टंकली, चिन्हं मोजली आणि माणसाला सांगायचं असतं ते बहुतेक वेळा १६० चिन्हांत मावतं असं ठरवलं. ती १६० इंग्रजी धाटणीच्या अक्षरांची. देवनागरीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७०वर येते. आणि त्या ७०त काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणं हे सगळं वेगवेगळं मोजतात. 'मनःपूर्वक' तुम्हाला पाच अक्षरी वाटतो. यंत्राच्या लेखी तो नऊ चिन्हांचा आहे. लांब मजकूर तुकडे करून पाठवता येतो, पण कंपनीला तुकड्यामागे पैसे पडतात, म्हणून आमच्याकडे एकच तुकडा जातो.

मी बसून मोजलं. "नमस्कार! आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल मनःपूर्वक आभार." याची चिन्हं होतात ५३. सत्तरांतून त्रेपन्न गेले, उरले १७. सतरा चिन्हांत माणसाला वाकडहून खराडीला पाठवता येत नाही.

मग त्याच उत्तराची मी अशी सुरुवात केली: "खराडी बायपासहून १०.१५ ला गाडी सुटेल. वाकडचा थांबा रद्द." चिन्हं ५५. म्हणजे नुसते आभार मानायला जेवढी जागा लागत होती, जवळजवळ तेवढ्यात गाडी मिळाली. दिलगिरी, कारण आणि शुभेच्छा त्यानंतर येऊ द्यात; कापल्या गेल्या तरी गाडी चुकत नाही.

इथे एक बारकावा आहे. गृहस्थांनी विचारलं होतं "रद्द झाली का?" त्याचं सरळ उत्तर "रद्द झालेली नाही." पण ते उत्तर पहिलं दिलं असतं, तर ते निवांतपणे वाकडलाच उभे राहिले असते. वाकडहून खराडीला जायला संध्याकाळच्या गर्दीत तास सहज जातो. त्यांनी पुढच्या मिनिटाला काय करायचं, हे ज्या शब्दाने बदलतं तो शब्द मुख्य. तो होता 'खराडी'. म्हणून वाक्य खराडीपासून सुरू केलं. गाडी सुटेल म्हटल्यावर ती रद्द नाही, हे सांगायला वेगळी जागा लागली नाही.

उत्तर लिहिणाऱ्या मुलीला हे पटलं नाही. "सर, एकदम खराडी म्हटलं तर उद्धट वाटतं. निदान नमस्कार तरी?" मी म्हटलं, नमस्कार घाला, नऊ चिन्हांत होतो, पण आभार शेवटी. आमच्या व्यवस्थापकांनी तर काळजीने विचारलं, "आपण पुणेरी पाट्या लावायला लागलोय का?" खरं सांगायचं तर पुणेरी पाटीकडून शिकण्यासारखं आहे. 'दुकान १ ते ४ बंद' यात मुख्य उत्तर पहिल्या शब्दापासून आहे. पाटी लिहिणाऱ्या एखाद्या काकांना चॅटवर बसवावं असं मी सुचवलं होतं. पहिली ओळ ते उत्तम लिहितील, पण दुसऱ्या ओळीत ग्राहकाची अक्कल काढतील, या कारणाने सूचना नामंजूर झाली.

खरा घात मात्र पुढेच आहे, आणि तो आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे, शेपटीला. म्हणजे वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द नेमका कात्री चालते त्या टोकाला उभा. आमच्याकडचं एक तयार उत्तर असं होतं: "गाडी सुटण्यास चार तासांपेक्षा कमी अवधी असताना तिकीट रद्द केल्यास आपल्या तिकिटाची रक्कम आपल्याला परत मिळणार नाही." आता हे 'मिळणार'पाशी कापा. "रक्कम आपल्याला परत मिळणार". वाक्य पूर्ण आहे, व्याकरणशुद्ध आहे, अर्थ खणखणीत आहे आणि बरोबर उलटा आहे. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येऊन बसतो, त्यामुळे शेपूट तुटलं तरी नकार वाचतो. आपल्याकडे शेपटीबरोबर नकारच जातो.

टिंबं असली तर निदान संशय तरी येतो. पण काही जुन्या फोनांत आणि घाईने बांधलेल्या खिडक्यांत टिंबंही नसतात. ठरावीक उंचीचा चौकोन असतो आणि त्याखालचं दिसत नाही, बस्स. वाचणाऱ्याला काही कापलंय याचा पत्ताच लागत नाही. त्याहून गंमत करतो तो चिन्हं मोजून कापणारा प्रोग्रॅम. त्याला शब्द कळत नाहीत, फक्त आकडा कळतो. 'नाही'मध्ये चार चिन्हं: न, काना, ह, वेलांटी. बरोबर दोनावर कात्री पडली की उरतं "रक्कम आपल्याला परत मिळणार ना". आता कंपनीच ग्राहकाला विचारते आहे! एका बाईंनी यावर उत्तर पाठवलं होतं: "तेच तर मी तुम्हाला विचारतेय."

यावर उपाय दोन. एक, नकार पुढे ओढायचा: "पैसे परत मिळणार नाहीत." चार शब्द, पूर्णविराम, मग चार तासांचा नियम सावकाश सांगा. दुसरा, जिथे जमेल तिथे असा शब्द घ्यायचा ज्याच्या पोटातच नकार आहे: रद्द, बंद, नामंजूर, बाद. 'वाकडला थांबू नका' असं मी आधी लिहिलं होतं. ते 'थांबू'वर कापलं गेलं असतं तर काय झालं असतं, हे लक्षात आल्यावर 'वाकडचा थांबा रद्द' केलं.

"मग सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणून टाकावं की!" असं आमच्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं आणि तसं सुरूही केलं. दोन दिवस फार बरे गेले. मग एका प्रवाशाने विचारलं, "म्हणजे गाडी शिरूरला थांबणार नाही का?" आमचा सहकारी म्हणाला, "नाही." आता ही गाडी थांबणार की नाही? अर्ध्या ऑफिसचं मत पडलं थांबणार नाही, अर्ध्याचं पडलं तसं नाही, म्हणजे थांबणार. त्याने 'हो' म्हटलं असतं तरी ऑफिस असंच दुभंगलं असतं. आपल्याकडे प्रश्न विचारणारे निम्मे लोक प्रश्नातच नकार घालून विचारतात, त्यामुळे सुटा 'हो' आणि सुटा 'नाही' दोन्ही धोक्याचे. प्रश्नातलं क्रियापद उत्तरात परत आणायचं: "शिरूरला गाडी थांबते." तीन शब्द, वाद नाही.

दुसरा धोका 'हो, पण'चा. "हो, लॅपटॉपची बॅग सोडून आणखी दोन बॅगा नेता येतील", आणि कात्रीच्या पलीकडे "पण वजन एकूण १५ किलोच्या आत हवं". प्रवासी दोन बॅगांत तांदळाचं पोतं आणि शिलाई मशीन घेऊन आला, तर त्याला दोष कसा द्यायचा? आपण 'हो' म्हणालो होतो. उत्तर पहिलं सांगायचं म्हणजे त्याच्या गळ्यातली सगळ्यात मोठी अट त्याच्याबरोबरच सांगायची: "१५ किलोच्या आत असतील तर दोन बॅगा चालतील." मराठीत 'तर'वालं वाक्य अट आधी घेतं, हे इथे आपल्या पथ्यावर पडतं. पण अटी पाच असतील तर पाचही पहिल्या ओळीत कोंबू नयेत. ज्या अटीवर जास्तीत जास्त माणसं अडतात ती एक घ्यावी आणि बाकीच्यांसाठी "पुढे वाचा" असं स्पष्ट म्हणावं.

काही हुशार मंडळींनी वेगळी शक्कल काढली. मोठं उत्तर कापलं जातं ना, मग पाच छोटी उत्तरं पाठवू. पहिला फुगा: नमस्कार. दुसरा: आपला प्रश्न मिळाला. तिसऱ्यात उत्तर. चौथा: आणखी काही मदत हवी आहे का? पाचवा: धन्यवाद, आणि हात जोडलेलं चित्र. पण मिटलेल्या खिडकीच्या पट्टीत सहसा शेवटचा निरोप वर राहतो. प्रवाशाचा फोन पाच वेळा किणकिणला, त्याने पाचव्यांदा वैतागून बघितलं, तर जोडलेले हात. त्याला वाटलं, यांनी आपल्यापुढे हात टेकले.

एक गोष्ट मात्र आमच्या कंपनीनेही पहिल्या ओळीत सांगायची नाही असं ठरवलंय. बंद पडद्यावरची पट्टी फोनचा मालक एकटाच वाचतो असं नाही. शेजारचा प्रवासी वाचतो, टेबलावर फोन असेल तर सगळं घर वाचतं. गाडीची वेळ जगाने वाचली तरी बिघडत नाही. पण "आपलं दोन जणांचं महाबळेश्वरचं तिकीट पक्कं झालं आहे" हे घरच्यांना माहीत नसेल, तर ते कळवणं आमचं काम नव्हे. दवाखान्याचा अहवाल, बँकेतली शिल्लक, नोकरीचा नकार हेही त्यातच येतं. अशा वेळी पहिल्या ओळीत "आपल्या बुकिंगचं उत्तर आलं आहे, उघडून पाहा" एवढंच पुरे. आमची आडवळणाची सवय जिथे खरोखर कामाची आहे अशी ही एकच जागा मला सापडली.

आता नव्या मुलांना मी एकच कसोटी शिकवतो. उत्तर लिहून झालं की पहिल्या दोन ओळी सोडून बाकीचं अंगठ्याने झाका आणि शेजारच्याला विचारा, "यावरून तू काय करशील?" तो "खराडीला जाईन" म्हणाला तर उत्तर पाठवा. "काय झालंय नक्की?" म्हणाला तर आभार खाली सरकवा. मग दुसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द झाका आणि पुन्हा विचारा. उत्तर उलटं झालं तर नकार पुढे ओढा. याला अर्धं मिनिट लागतं, आणि ते अर्धं मिनिट नसेल तर नागपूरच्या प्रवाशाचे पैसे परत करायला आठवडा लागतो.

तुम्ही बस कंपनीत नसाल, पण सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार, शाळेच्या ग्रुपवर उद्या सुट्टी आहे का, असल्या प्रश्नांना उत्तरं देत असालच. तिथेही तीच पट्टी आणि तीच कात्री. तेव्हा विनंती एवढीच: "सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की" हे शेवटी लिहा. पाणी सहाला येणार असेल तर 'सहाला' हा शब्द आधी येऊ द्या. बादल्या भरून झाल्यावर सन्मान सवडीने वाचता येतो.